२.७५ वर तीन गोल: निम्मी बेट जिंकली, तर हातात नेमके किती यायला हवेत?

मनाली_रीडिंग

इथे फुटबॉलवाले बरेच आहेत म्हणून विचारते. आमच्याकडे एका सेटलमेंट रिपोर्टचं टेस्टिंग चालू आहे. विषय एशियन टोटल गोल्सचा, त्यातही फक्त २.२५ आणि २.७५ अशा क्वार्टर लाईन्सचा. नमुन्यासाठी २०२४ च्या युरो कपचे बाद फेरीतले सामने घेतलेत, कारण त्यांतले बरेचसे कागदावर २-१ असेच संपलेले दिसतात. स्टेक सगळीकडे १०० पौंड आणि भाव सगळीकडे १.९५. भाव काल्पनिक आहे, हिशोब सोपा जावा म्हणून एकच ठेवला.

तीन ठिकाणी माझ्या शीटचा आणि सिस्टिमचा मेळ बसत नाही:

१. फायनल, स्पेन २-१ इंग्लंड, ओव्हर २.७५. सिस्टिम १४७.५० परत देते. निम्मी जिंकली म्हणजे १९५ चे निम्मे, ९७.५० यायला नकोत का?

२. क्वार्टर फायनल, स्पेन २-१ जर्मनी, ओव्हर २.२५. सिस्टिम फक्त ५० देते. तीन गोल झाले की! १९५ का नाहीत?

३. हीच मॅच, ओव्हर २.७५. सिस्टिम शून्य देते. २.७५ म्हणजे निम्मे २ वर आणि निम्मे ३ वर, असं धरून मी शीटमध्ये ५० लिहिले होते.

बग आहे की माझी समज कच्ची आहे?

---

पक्का_पुणेकर

सोप्पं आहे. क्वार्टर लाईन म्हणजे आकडा मधोमध अडकला की निम्मे पैसे परत. बाकी निम्म्याचं काय व्हायचं ते होतं. फायनलमध्ये तीन गोल, लाईन २.७५, म्हणजे अडकला. ५० परत आले आणि उरलेल्या ५० चे ९७.५० झाले. बेरीज १४७.५०. पहिल्या प्रश्नात सिस्टिम बरोबर आहे.

दुसऱ्यात मात्र मला बग वाटतोय. तीन गोल २.२५ च्या वर स्वच्छ आहेत, पूर्ण १९५ मिळायला पाहिजेत.

---

टचलाईन

पुणेकर, पहिलं बरोबर सांगितलंत, दुसरं नाही. मनाली, तिन्ही ठिकाणी सिस्टिमच बरोबर आहे. पण तिन्हींची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे एकेक घेऊ.

आधी तिसरा प्रश्न, कारण बाकीचं त्याच्यावर उभं आहे. २.७५ म्हणजे २ आणि ३ नव्हे, २.५ आणि ३. क्वार्टर लाईन नेहमी आपल्या दोन्ही बाजूंच्या *अर्ध्या पायरीवर* फुटते, म्हणजे पाव खाली आणि पाव वर. २.२५ फुटते २ आणि २.५ अशी, २.७५ फुटते २.५ आणि ३ अशी. पुष्कळ साईट्स स्लिपवर थेट "२.५, ३.०" असंच छापतात, तिथे गोंधळ होत नाही. नुसतं २.७५ छापलं की माणूस खालचा पूर्णांक आणि वरचा पूर्णांक धरून मोकळा होतो.

ही चूक चिवट आहे, कारण बहुतेक स्कोअरना ती दिसतच नाही. ओव्हर २.७५ घ्या. तुमच्या चुकीच्या फोडीने, म्हणजे २ आणि ३ धरून, तीन गोलांना काय होतं? २ वाला भाग जिंकला, ३ वाला परत. खऱ्या फोडीनेही तेच: २.५ वाला जिंकला, ३ वाला परत. चार गोलांना दोन्हीकडे पूर्ण जिंकली, एक गोलाला दोन्हीकडे पूर्ण गेली. फरक पडतो तो फक्त दोन गोलांना. खऱ्या फोडीत २.५ पण गेली आणि ३ पण गेली, सगळे पैसे बुडाले. तुमच्या फोडीत २ वाला भाग बरोबरीत सुटून ५० परत येतात. म्हणजे टेस्ट केसेसमध्ये नेमका दोन गोलांचा सामना नसेल, तर चुकीचा कोडसुद्धा सगळ्या टेस्ट पास करून जाईल. तुमच्या नमुन्यात तो निघाला हे चांगलंच झालं.

आता दुसरा. स्पेन-जर्मनी, ५ जुलै २०२४, स्टुटगार्ट. ओल्मोने ५१ व्या मिनिटाला गोल केला, विर्ट्झने ८९ व्या मिनिटाला बरोबरी केली. नव्वद मिनिटं संपली तेव्हा १-१. मेरिनोचा हेडर ११९ व्या मिनिटाचा, एक्स्ट्रा टाइममधला. टोटल गोल्सची बेट, वेगळं काही लिहिलं नसेल तर, नव्वद मिनिटं अधिक इंज्युरी टाइम एवढ्यावरच सेटल होते. म्हणून या बेटपुरते गोल दोनच.

दोन गोल, ओव्हर २.२५. २ वाला भाग: दोन म्हणजे बरोबर दोन, ५० परत. २.५ वाला भाग: गेला. हातात ५०. आणि ओव्हर २.७५ वर त्याच दोन गोलांना शून्य. तुमचा दुसरा आणि तिसरा प्रश्न एकाच मेरिनोमुळे आलाय.

---

पक्का_पुणेकर

बरोबर, मेरिनोचा गोल एक्स्ट्रा टाइममधला होता, ते लक्षातच आलं नाही. मागे घेतो.

---

ठाणे_लोकल

माझ्या चुलतभावाला (तो लंडनला असतो) लाइव्ह बेटमध्ये असंच झालं होतं. हाफटाइमला १-० असताना त्याने -०.२५ घेतली. मॅच १-० लाच संपली आणि त्याचे निम्मे गेले. टीम जिंकली तरी निम्मे कापले! टचलाईन म्हणतात तो एक्स्ट्रा टाइमचाच नियम ना हा? की आधीचा गोल धरतच नाहीत? मग ओव्हर-अंडरमध्ये पण हाफटाइमच्या आधीचे गोल धरत नाहीत का?

---

टचलाईन

ठाणे_लोकल, भावाची बेट हँडिकॅपची होती, टोटलची नाही. एक्स्ट्रा टाइमचा इथे काही संबंध नाही. एशियन हँडिकॅप लाइव्ह घेतलं की साधारण प्रथा अशी आहे की बेट लावली त्या क्षणी स्कोअर ०-० धरतात आणि त्यापुढचेच गोल मोजतात. पुढे एकही गोल झाला नाही, म्हणजे त्याच्यापुरती मॅच ०-० सुटली. -०.२५ वर बरोबरी म्हणजे निम्मा स्टेक गेला, निम्मा परत. सेटलमेंट बरोबर होती.

टोटल गोल्समध्ये हे उलट आहे. तिथे पहिल्या मिनिटापासूनचे सगळे गोल मोजले जातात, बेट केव्हाही लावलेली असो. १-० असताना ओव्हर २.२५ घेतली तर तो एक गोल खिशात आहेच. आणखी एक झाला तर निम्मे जातात, आणखी दोन झाले तर पूर्ण जिंकते. एकाच साईटवर, एकाच मॅचच्या पानावर, एकाखाली एक असलेल्या या दोन बाजारांचे नियम वेगळे आहेत. त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे.

---

मनाली_रीडिंग

धन्यवाद! शीट दुरुस्त करते. पण मग नव्वद मिनिटांची सीमा नेमकी कुठे? इंग्लंड-स्लोव्हाकिया पण २-१ आहे आणि त्यात एक गोल ९५ व्या मिनिटाचा आहे. आमच्या डेटा फाइलमध्ये मिनिटाचा कॉलम एकच आहे, त्यात त्याच्यापुढे ९५ लिहिलंय आणि केनच्या गोलापुढे ९१. एक्स्ट्रा टाइम वगळायचा तर मी दोन्ही काढून टाकले आणि एकूण गोल एक धरला. सिस्टिम दोन म्हणते.

---

टचलाईन

तुमची फाइलच घोळ करतेय. ३० जून २०२४, गेल्सेनकिर्शेन. स्लोव्हाकियाच्या श्रान्झचा गोल २५ व्या मिनिटाला. बेलिंगहॅमची बायसिकल किक ९०+५ ला, म्हणजे दुसऱ्या हाफच्या इंज्युरी टाइममध्ये. केनचा गोल ९१ व्या मिनिटाला, म्हणजे एक्स्ट्रा टाइम सुरू झाल्या झाल्या. घड्याळ एक्स्ट्रा टाइमला परत ९० पासून धावतं. म्हणून "९५" वाला गोल आधी झालाय आणि मोजला जातो, "९१" वाला नंतर झालाय आणि मोजला जात नाही. मिनिटाच्या एका आकड्यावर चाळणी लावलीत तर एक तरी उत्तर चुकणारच. ९० च्या पुढचं सगळं काढलंत तर बेलिंगहॅम जातो, १०० पर्यंतचं ठेवलंत तर केन आत येतो. "९०+५" हे दोन कॉलमांत ठेवा किंवा कुठल्या हाफमधला गोल ते वेगळं नोंदवा.

या मॅचला सेटलमेंटचे गोल दोन. ओव्हर २.२५ वर ९४ व्या मिनिटापर्यंत १०० च्या १०० बुडालेले होते. बेलिंगहॅममुळे ५० वाचले. केनच्या गोलाने इंग्लंड पुढच्या फेरीत गेलं, पण त्याने या बेटला पैसुद्धा जोडली नाही.

याची उलट बाजू पाहायची तर नेदरलँड्स-इंग्लंड सेमीफायनल घ्या, १० जुलै. सिमन्स ७ व्या मिनिटाला, केन पेनल्टीवर १८ व्या मिनिटाला, मग जवळजवळ संपेपर्यंत १-१. वॉटकिन्सचा गोल ९०+१ ला. हा मोजला जातो. समजा कोणाकडे अंडर २.७५ होती, १.९५ ने १०० पौंड. ९० व्या मिनिटाला ती पूर्ण जिंकलेली, १९५ हातात. वॉटकिन्सनंतर गोल तीन: २.५ वाला भाग गेला, ३ वाला बरोबरीत सुटून ५० परत. १९५ वरून एका शॉटमध्ये ५०. ज्याच्याकडे अंडर २.२५ होती त्याचं आणखी वाईट. त्याला १-१ ला निम्मी जिंकून १४७.५० मिळत होते, तीन गोलांना शून्य.

---

मडगावकार

टचलाईनबाब, ओव्हर-अंडर दोन्ही आणि २.२५, २.७५ दोन्ही, असं सगळं डोक्यात राहत नाही हो. काही तरी एक खूण सांगा. आम्ही इथे मॅच बघतो ती भातुकलीसारखी, पैसे लावत नाही, पण चर्चेत गप्प बसवत नाही.

---

टचलाईन

खूण एवढीच: लाईनच्या सगळ्यात जवळचा पूर्णांक बघा. २.२५ ला तो २, २.७५ ला तो ३. निम्म्याचा खेळ फक्त त्याच एका एकूण गोलसंख्येला होतो. बाकी प्रत्येक स्कोअरला बेट पूर्ण जिंकते नाही तर पूर्ण जाते.

आणि त्या आकड्यावर काय होतं हे लाईन त्याच्या कुठल्या बाजूला आहे त्यावर ठरतं. २.७५ ही ३ च्या खाली आहे, म्हणून बरोबर तीन गोलांना ओव्हर निम्मी जिंकते आणि अंडर निम्मी जाते. २.२५ ही २ च्या वर आहे, म्हणून बरोबर दोन गोलांना ओव्हर निम्मी जाते आणि अंडर निम्मी जिंकते. १.७५, ३.२५, काहीही घ्या, हेच लागू.

पुणेकरांनी वर "निम्मे पैसे परत, बाकीचं काय व्हायचं ते" म्हटलंय, ते अडकलेल्या आकड्यापुरतं खरं आहे. पण "काय व्हायचं ते" मध्येच सगळं आहे. ओव्हर २.७५ ला तिथे १४७.५० मिळतात आणि ओव्हर २.२५ ला तिथे ५० मिळतात.

मनालीचा पहिला प्रश्न पूर्ण करून टाकतो. ९७.५० चा आकडा भाव निम्मा केल्यामुळे येतो. निम्मा करायचा तो भाव नाही, नफा. १.९५ मधला एक हा तुमचाच स्टेक, नफा ०.९५. निम्म्या जिंकण्यात नफा ०.४७५, म्हणून परतावा १.४७५ पट. रिपोर्टमध्ये "निम्मी जिंकली" लिहून स्टेकपेक्षा कमी पैसे परत दिलेले दिसले, तर तो आकडा नक्की चुकलाय. निम्मी जिंकलेली बेट तोट्यात जाऊच शकत नाही.

---

कोड_कसबा

मनाली, पडताळणीसाठी वेगळं छोटं फंक्शन ठेवा, मूळ सिस्टिमच्या कोडवरून कॉपी केलेलं नको. हे पुरेल:

```python
from decimal import Decimal as D

def payout(line, goals, over, stake, odds):
    line, stake, odds = D(line), D(stake), D(odds)
    q = D("0.25")
    if (line * 4) % 2 == 1:
        parts = [line - q, line + q]
    else:
        parts = [line, line]
    total = D(0)
    for p in parts:
        diff = goals - p if over else p - goals
        if diff > 0:
            total += stake / 2 * odds
        elif diff == 0:
            total += stake / 2
    return total

print(payout("2.75", 3, True, "100", "1.95"))  # 147.50
print(payout("2.25", 2, True, "100", "1.95"))  # 50
print(payout("2.75", 2, True, "100", "1.95"))  # 0
```

लाईनला ४ ने गुणून विषम आला तर क्वार्टर लाईन, एवढीच युक्ती. `goals` मध्ये नव्वद मिनिटांचेच गोल द्यायचे, ते काम या फंक्शनचं नाही. लाईन, स्टेक, भाव तिन्ही अवतरणचिन्हांत द्या. नुसतं `1.95` दिलंत तर `D(1.95)` शेपूट लांबलचक करून ठेवतं.

प्रत्येक लाईनला ० ते ५ गोल, ओव्हर आणि अंडर दोन्ही, असे बाराच निकाल आहेत. सगळेच तपासून टाका, नमुना कशाला.

---

पक्का_पुणेकर

मग एक सांगा. २.७५ म्हणजे ५० पौंड २.५ वर आणि ५० पौंड ३ वर, एवढंच असेल तर मी त्या दोन बेट्स वेगवेगळ्या लावल्या काय आणि एक लावली काय, सारखंच ना? आणि २.७५ चा भाव म्हणजे त्या दोन भावांची सरासरी असायला हवी. मी पाहिलंय, तशी ती नसते. बुकी मध्ये काहीतरी मारतो.

---

टचलाईन

फोड सारखी आहे, पैसे सारखे नाहीत. कारण क्वार्टर लाईनमध्ये दोन्ही निम्म्यांना *एकच* भाव लागतो. वेगळ्या लावल्यात तर प्रत्येकीला तिचा तिचा भाव.

काल्पनिक पण एकमेकांशी जुळणारे भाव घेऊ: ओव्हर २.५ ला १.९०, ओव्हर ३ ला २.६०, ओव्हर २.७५ ला २.१५. तुम्ही म्हणता ती सरासरी २.२५ येते, म्हणजे बुकीने दहा पैसे मारले असं दिसतं. आता गोल मोजा.

बरोबर तीन गोल झाले तर वेगळ्या दोन बेट्सना ५० चे ९५ आणि ३ वाले ५० परत, एकूण १४५. एका २.७५ ला ५० चे १०७.५० आणि ५० परत, एकूण १५७.५०. इथे एकत्र बेट साडेबारा पौंडांनी पुढे.

चार किंवा जास्त झाले तर वेगळ्यांना ९५ अधिक १३०, एकूण २२५. एका २.७५ ला २१५. इथे वेगळ्या दहा पौंडांनी पुढे.

म्हणजे एकत्र बेट तीन गोलांना जास्त देते आणि चारच्या पुढे कमी. सरासरीपेक्षा भाव कमी असणं हे त्याचंच मोल आहे, लूट नव्हे. कुठली बरी हे तुम्हाला नेमके तीन गोल होण्याची शक्यता चार-पाच होण्याच्या मानाने किती वाटते त्यावर अवलंबून. बुकीचं मार्जिन आहेच, पण ते शोधायचं तर ओव्हर आणि अंडर एकाच लाईनवर शेजारी ठेवून शोधा, शेजारच्या लाईनची सरासरी काढून नाही.

---

पक्का_पुणेकर

आकडे पटले. पण मी अजूनही म्हणेन की साध्या माणसाने २.५ घ्यावी आणि झोपावं. हे निम्मं-पाव कशाला?

---

मडगावकार

पुणेकर, साधा माणूस बेटच लावणार नाही, तो झोपलेलाच असतो. 😄

---

संपादक_मंडळ

चर्चा हिशोबाची आहे म्हणून ठेवतो आहोत. भारतात पैशांचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झालेत. इथे साईटचं नाव, लिंक किंवा टिप टाकल्यास प्रतिसाद उडवला जाईल. धागा ब्रिटनमधल्या सेटलमेंटपुरता राहू दे.

---

मनाली_रीडिंग

मान्य. नावं नाहीत आणि येणारही नाहीत.

पुढचा अडथळा मल्टिपलचा. दोन सामने जोडलेले, स्टेक २० पौंड. एक पाय ओव्हर २.७५, भाव १.९५, निम्मा जिंकला. दुसरा साधा, भाव १.८०, जिंकला. सिस्टिम ५३.१० दाखवते. आणि दुसऱ्या एका स्लिपवर दोन्ही पाय क्वार्टर लाईनचे आणि दोन्ही निम्मे गेले, तिथे फक्त ५ दाखवते. निम्मे गेले तर १० राहायला नकोत का?

---

टचलाईन

क्वार्टर लाईन मल्टिपलमध्ये सगळेच घेऊ देत नाहीत. जे देतात ते प्रत्येक पायाचा एक गुणक काढतात आणि गुणत जातात. निम्मा जिंकलेला १.९५ चा पाय म्हणजे १.४७५. २० × १.४७५ × १.८० = ५३.१०. बरोबर आहे. भाव निम्मा करणाऱ्याला इथे ३५.१० मिळाले असते.

निम्म्या गेलेल्या पायाचा गुणक ०.५. दोन असले की ०.५ × ०.५, म्हणजे पाव. २० चे ५. हे विचित्र वाटतं, पण फोड करून पाहा. दोन पाय, प्रत्येकाचे दोन भाग, म्हणजे २० पौंडांच्या पाच-पाच पौंडांच्या चार छोट्या जोड्या झाल्या. समजा दोन्ही ओव्हर २.२५ आणि दोन्ही सामन्यांत दोन गोल. २.५ चा भाग जिच्यात आहे ती प्रत्येक जोडी मेली, अशा तीन. फक्त २ आणि २ ची जोडी बरोबरीत सुटली, तिचे ५ परत. "निम्मे गेले" हे पायाबद्दल खरं आहे, स्लिपबद्दल नाही.

---

ठाणे_लोकल

आणि मॅच मध्येच थांबली तर? समजा गोल झालेत, पण नव्वद मिनिटं पूर्णच झाली नाहीत.

---

टचलाईन

हा चांगला प्रश्न आहे आणि याचं एक उत्तर नाही. १६ डिसेंबर २०२३ ची बोर्नमथ-ल्युटन घ्या. ल्युटनचा कॅप्टन लॉकयर मैदानात कोसळला, मॅच १-१ वर सोडून दिली आणि पुढे मार्चमध्ये ती ०-० पासून पुन्हा खेळवली. पहिल्या मॅचवर कोणाकडे ओव्हर १.७५ असती तर? ती फुटते १.५ आणि २ अशी. दोन गोल झाले होते. १.५ वाला भाग जिंकून बसला होता, पुढे काहीही झालं तरी तो हरणार नव्हता. २ वाला भाग अजून बरोबरीत होता.

नेहमीचा नियम असा असतो की मॅच पूर्ण झाली नाही तर बेट रद्द, पण निकाल आधीच पक्का झाला असेल तर ती उभी. प्रश्न असा की "निकाल पक्का" हे पूर्ण बेटला लावायचं की प्रत्येक भागाला वेगळं? भागाला लावलं तर १०० वर १.९५ ने १४७.५० येतात. पूर्ण बेटला लावलं तर ती पक्की नव्हती, म्हणून नुसते १०० परत.

---

कोड_कसबा

माझ्या मते भागालाच लावायला पाहिजे. स्लिपवर "१.५, २.०" छापता, दोन बेट म्हणून सेटल करता, मग इथेच एक कशी होते?

---

टचलाईन

युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण स्लिपचा नंबर एक, भाव एक आणि स्टेक एक, हाही युक्तिवादच आहे. मनाली, तुमच्या क्लायंटच्या नियमांत हे वाक्य कसं लिहिलंय ते शब्दशः पाहा आणि लिहिलेलंच नसेल तर टेस्ट केसमध्ये उत्तर भरू नका. ते ठरवणं तुमचं काम नाही, त्यांचं आहे.

---

मनाली_रीडिंग

नियमांत "बेट" एवढंच लिहिलंय, भागाबद्दल शब्द नाही. विचारणा पाठवते.

शेवटचं एक. स्टेक ७.२५, ओव्हर २.७५, भाव १.९५, तीन गोल. कोड_कसबा यांचं फंक्शन १०.६९३७५ देतं, म्हणजे १०.६९. सिस्टिम १०.७० देते. एका पेनीचा फरक.

---

कोड_कसबा

७.२५ चे निम्मे ३.६२५. तुमची सिस्टिम बहुतेक प्रत्येक भाग आधी पेनीपर्यंत गोल करते आणि मग बेरीज करते: ७.०६८७५ चे ७.०७, ३.६२५ चे ३.६३, एकूण १०.७०. माझं फंक्शन शेवटपर्यंत गोल करत नाही. विषम पेनीच्या सगळ्या स्टेकवर हे तपासा. हरलेल्या बाजूलाही बघा: ओव्हर २.२५ ला दोन गोल झाले की परत जाणारा भाग ३.६२ का ३.६३?

---

मनाली_रीडिंग

३.६३ येतोय. म्हणजे दोन्हीकडे वरच गोल करतेय.

---

कोड_कसबा

मग ७.२५ मधून ३.६३ परत दिले तर तोटा ३.६२ नोंदला गेला पाहिजे. तोट्याच्या कॉलममध्ये पण ३.६३ असेल तर रोजच्या बेरजेत पेनी जास्त निघेल. तो कॉलम उघडून बघा आधी.